पितळी तबकडी खरी की शोभेची? सूर्यघड्याळ, यंत्रराज आणि जुने पृथ्वीगोल पारखताना

सातारा-सांगलीकडे अशा वस्तू तीन वाटांनी हाती येतात. महाबळेश्वर-पाचगणीचा एखादा जुना बंगला विकला जातो आणि बागेतलं सूर्यघड्याळ भंगारात निघतं. वाई किंवा सांगलीतला जुना वाडा पाडताना माळ्यावरच्या पेटीत आकडे कोरलेली पितळी तबकडी सापडते. तिसरी वाट म्हणजे दुकान. तिथे काळपट पितळेवर लंडनच्या कारागिराचं नाव आणि अठराव्या शतकातलं साल असतं आणि किंमतही त्याच तोऱ्यात सांगितली जाते. मुरादाबाद आणि रुडकीकडे अशा शोभेच्या पितळी वस्तू मोठ्या प्रमाणावर बनतात. शोभेची म्हणून त्या विकायला काहीच हरकत नाही. हातोहात फिरत त्या 'पणजोबांच्या काळच्या' होतात, तेव्हा घोटाळा होतो.

नवखा माणूस आधी रंग आणि साल बघतो. हे दोन्ही सगळ्यात शेवटी बघावं. रंग तेजाबाने एका दिवसात काळा करता येतो आणि साल साच्यात ओतता येतं. आधी विचारायचं ते एवढंच: ही वस्तू कधी तरी काम करू शकली असती का? सूर्यघड्याळ आणि यंत्रराज, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायचं जुनं पितळी यंत्र, ही दोन्ही भूमितीची यंत्रं आहेत आणि दोन्ही ठरावीक अक्षांशासाठी आखलेली असतात. शोभेची वस्तू बनवणाऱ्याला अक्षांशाशी कर्तव्य नसतं, त्यामुळे त्याची नक्कल नेमकी तिथे उघडी पडते. हे तपासायला लागतं काय? पट्टी, कर्कटक, कोनमापक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक लोहचुंबक आणि मोबाइलमधला गणकयंत्राचा तो भाग ज्यात sin आणि tan असतं. चुंबक चिकटला तर वस्तू पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी आहे, पुढचे कष्ट वाचले.

सूर्यघड्याळापासून सुरुवात करा

बागेत ओट्यावर ठेवायचं आडवं सूर्यघड्याळ सगळ्यात जास्त दिसतं. एक सपाट तबकडी, तिच्यावर तासांच्या रेघा आणि मधोमध उभी केलेली त्रिकोणी पाती. या पातीची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली असते. म्हणून तबकडीशी तिचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढाच असायला हवा. सातारा साधारण १७.७ अंशांवर आहे, सांगली १६.९ वर, महाबळेश्वर जवळजवळ १८ वर. लंडन ५१.५ वर.

या फरकाने घड्याळाचा चेहराच बदलतो. पातीचा पाया १५ सेंटिमीटर धरला, तर महाबळेश्वरसाठी केलेल्या पातीची उंची जेमतेम ४.९ सेंटिमीटर भरते. लंडनसाठी तीच १९ सेंटिमीटरच्या आसपास जाते. आपल्याकडची खरी पाती इतकी बसकी दिसते की लोकांना ती वाकलेली किंवा तुटलेली वाटते. कुणी 'दुरुस्त' करायला निघाला तर त्याचा हात धरा.

आता पहिली पायरी. पातीचा पाया आणि उंची मोजा. उंचीला पायाने भागा आणि ज्या कोनाचा tan तेवढा येतो तो काढा. हा पातीचा अक्षांश झाला. दुसरी पायरी म्हणजे बारा आणि तीनच्या रेघांमधला कोन कोनमापकाने मोजणं. या दोन आकड्यांचं आपसात ठरलेलं नातं आहे:

`tan θ = sin φ × tan h`

यात φ म्हणजे अक्षांश. h म्हणजे बारापासून गेलेल्या तासांची १५ पट, म्हणजे तीन वाजता ४५ अंश. θ म्हणजे तबकडीवर त्या रेघेचा बाराच्या रेघेशी असलेला कोन. साताऱ्यासाठी हिशोब केला तर एकची रेघ जेमतेम ५ अंशांवर पडते, दोनची १० वर, तीनची १७ वर, चारची २८ वर, पाचची ४९ वर आणि सहाची बरोबर ९० वर. म्हणजे दुपारच्या रेघा एकमेकींना खेटून आणि पाच ते सहामध्ये मोठी मोकळी जागा. लंडनच्या घड्याळात तीनची रेघ ३८ अंशांवर जाते आणि रेघा बऱ्याच पसरलेल्या दिसतात.

शोभेच्या घड्याळात रेघा बहुधा सारख्या अंतरावर असतात, दर तासाला १५ अंश. कधी तर भिंतीवरच्या घड्याळासारखे एक ते बारा आकडे पूर्ण गोल फिरवलेले असतात. एक उदाहरण घ्या. पाया १० सेंटिमीटर, उंची ८.४, म्हणजे पाती ४० अंशांची. मग तीनची रेघ ३२.७ अंशांवर हवी. तबकडीवर ती मिळते ४५ वर. पाती एक अक्षांश सांगते आणि रेघा कुठल्याच अक्षांशाशी जुळत नाहीत. असं घड्याळ जगात कुठेही ठेवलं तरी दिवसभर बरोबर वेळ दाखवणार नाही. खालचं साल काहीही असो, वस्तू शोभेची.

इथे एक गल्लत होते. साताऱ्यात सापडलेलं घड्याळ साताऱ्याच्या अक्षांशाचंच असेल असं नाही. थंड हवेच्या ठिकाणी आलेल्या साहेबाने विलायतेतलं घड्याळ सोबत आणलेलं असू शकतं. पाती ५१.५ अंशांची आणि रेघाही ५१.५ च्याच असतील, तर इथे ते चुकीची वेळ दाखवेल, तरी खरं यंत्र असू शकतं. पाती आणि रेघा यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे, गाव नंतर बघू.

रेघा जुळल्या तर आणखी दोन बारकावे तपासा. पातीला जाडी असते, त्यामुळे सकाळची सावली तिच्या एका कडेची पडते आणि दुपारची दुसऱ्या कडेची. जाणकार कारागीर म्हणून बाराची रेघ एक न काढता पातीच्या जाडीएवढी फट सोडून दोन काढतो आणि सकाळ-दुपारच्या रेघा वेगवेगळ्या बिंदूंतून सुरू करतो. जाड पाती असून बाराची रेघ एकच असेल, तर आखणाऱ्याला सावली कशी पडते हे ठाऊक नव्हतं. दुसरा बारकावा आकड्यांचा. साताऱ्यात सर्वांत मोठ्या दिवशीही सौर वेळेने सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो. इथल्या घड्याळावर सकाळी पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत आकडे पुरेसे आहेत. लंडनच्या घड्याळावर मात्र पहाटे चारपासून रात्री आठपर्यंत असायला हवेत, कारण तिथला उन्हाळ्याचा दिवस तेवढा लांब असतो.

ऊन आहे म्हणून घड्याळ लगेच बाहेर ठेवून हातातल्या घड्याळाशी ताडून बघायचा मोह होतो. बघा, पण अर्ध्या तासाचा फरक दिसला म्हणून नापास करू नका. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि सातारा ७४ च्या आसपास, म्हणून सूर्याची दुपार इथे सरासरी १२ वाजून ३४ मिनिटांनी होते, सांगलीत साधारण १२:३२ ला. त्यातही वर्षभर चढउतार असतो. साताऱ्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१८ ला येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४८ पर्यंत जाते. खरं सूर्यघड्याळ एवढं 'चुकणारच'.

यंत्रराज: इथे मात्र सावकाश

अ‍ॅस्ट्रोलेबला संस्कृतात यंत्रराज म्हणतात. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्रसूरींनी १३७० मध्ये याच नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. सतराव्या शतकात लाहोरला अल्लाहदादच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या ही यंत्रं घडवली. पुढे जयपुरात सवाई जयसिंगांनी दोन मीटरहून मोठा यंत्रराज करवून घेतला. त्यामुळे हातात आलेल्या यंत्रावर फारसी असो की देवनागरी, दोन्ही शक्य आहे.

यंत्राचे भाग आधी ओळखून घ्या. कड उचललेली मुख्य तबकडी, वरच्या बाजूला टांगायची कडी आणि तिच्याखाली नक्षीदार मुकुट. आत एकावर एक बसणाऱ्या पातळ अक्षांश-तबकड्या. त्यांच्यावर फिरणारी जाळी, जिच्यावर ताऱ्यांचे काटे आणि राशींचं कडं असतं. मागच्या बाजूला दोन छिद्रपट्ट्यांची फिरती पट्टी, तिच्यातून तारा धरून उंची मोजायची. मधली खीळ आणि तिच्यातून जाणारी पाचर काढली की सगळं सुटं व्हायला हवं. जाळी तबकडीला झाळलेली असेल, किंवा मध्ये आजकालचा फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल, तर पुढे मोजायची गरज नाही.

सुटं झालं की एक अक्षांश-तबकडी घ्या. तिच्यावर मध्याभोवती तीन वर्तुळं असतात: सगळ्यात बाहेर मकरवृत्त, मग विषुववृत्त, आत कर्कवृत्त. आकाशाचा गोल सपाट पत्र्यावर उतरवताना या तिघांची प्रमाणं पक्की ठरतात. मकरवृत्ताची त्रिज्या १०० धरली तर विषुववृत्ताची ६५.५ आणि कर्कवृत्ताची ४३. यंत्र लाहोरचं असो, जयपूरचं की युरोपातलं, अक्षांश कोणताही असो, यात बदल होत नाही. कर्कटकाने दोन मापं घ्या आणि भागाकार करा, एवढंच काम.

सांगलीच्या वखारभागात एका स्नेह्यांकडे अशी तबकडी पाहिली, ती इथे मापांसकट सांगतो. सासऱ्यांच्या सामानातून आलेली, काळी पडलेली, अक्षरं फारसी वळणाची आणि कडीजवळ उत्तम वेलबुट्टी. मकरवृत्ताची त्रिज्या ६ सेंटिमीटर भरली. म्हणजे विषुववृत्त ३.९ च्या थोडं पुढे आणि कर्कवृत्त २.६ च्या आसपास हवं. प्रत्यक्षात ती ४ आणि २ निघाली. सहा, चार, दोन: सारख्या अंतरावर काढलेली तीन वर्तुळं. विषुववृत्त कसंबसं खपून गेलं असतं, कर्कवृत्ताने सगळं सांगून टाकलं.

तरीही त्यांच्या समाधानासाठी आम्ही जाळी तपासली, आणि तुम्हीही तपासा, कारण सगळ्यात बोलका भाग तोच. राशींचं कडं यंत्राच्या मध्याशी एककेंद्री नसतं. त्याची एक बाजू बाहेर मकरवृत्ताला टेकते आणि समोरची बाजू आत कर्कवृत्ताला. टेकण्याच्या त्या बाहेरच्या जागी मकर रास सुरू होते. मध्यापासून लांब असल्यामुळे धनू आणि मकर ही घरं रुंद होतात, तर आतल्या बाजूची मिथुन आणि कर्क अरुंद. रुंदीतला फरक दुपटीहून जास्त असतो, डोळ्यांनाही दिसतो. वखारभागातल्या जाळीवर बाराही घरं सारखी होती, केक कापावा तशी. ताऱ्यांचे काटे पानांच्या आकाराचे, सुंदर, पण एकावरही नाव नव्हतं. कामाच्या यंत्रात प्रत्येक काट्याच्या बुडाशी ताऱ्याचं नाव असतं, नाही तर तो काटा घेऊन करायचं काय?

जाळी भूमितीत बसली, तर मघा ताऱ्याचा काटा शोधा. मघा क्रांतिवृत्ताला, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेला, अगदी चिकटून आहे आणि राशींचं कडं म्हणजे तीच वाट, म्हणून तिच्या काट्याचं टोक राशींच्या कड्यालाच भिडलेलं हवं. त्याची राशीतली जागाही वाचा. सूर्याची वाट विषुववृत्ताला जिथे छेदते तो संपातबिंदू सरकतो, त्यामुळे ताऱ्यांची स्थानं ७२ वर्षांत साधारण एक अंश पुढे जातात. या यंत्रांवर सायन राशी, म्हणजे संपातबिंदूपासून मोजलेल्या, असतात. १६५० च्या सुमारास मघा सायन सिंहेच्या २५ अंशांवर होती, आज ती सिंह ओलांडून कन्येच्या उंबरठ्यावर आहे. यंत्रावर सतराव्या शतकातलं साल आणि मघा सिंहेच्या शेवटच्या अंशावर असेल, तर ताऱ्यांची यादी अलीकडची आहे. ही कसोटी अंश-दोन अंशांपर्यंतच ताणावी. जुने कारागीरही जुन्या याद्या थोड्याफार सुधारून वापरत आणि छोट्या जाळीवर काट्याचं टोक वाकलेलं असू शकतं.

अक्षांश-तबकडी कुठल्या गावची हे वाचायला एक सोपी युक्ती आहे. तबकडीवर क्षितिजापासून खस्वस्तिकापर्यंत, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपर्यंत, उंचीची वर्तुळं एकात एक असतात, त्यांचे मध्य वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावर अंश लिहिलेले असतात. यंत्राचा मध्य म्हणजे ध्रुव. ध्रुवाची उंची म्हणजेच अक्षांश. तेव्हा मधल्या छिद्रातून जे उंचीचं वर्तुळ जातं, त्याचा आकडा हा त्या तबकडीचा अक्षांश. साताऱ्यासाठी केलेली तबकडी असती तर १८ चं वर्तुळ छिद्राला जवळजवळ छेदून गेलं असतं. तबकडीवर अक्षांश अक्षरांतही लिहिलेला असतो. तो आणि हा आकडा जुळला पाहिजे.

फारसी यंत्रांवर आकडे बहुधा अबजद पद्धतीने, म्हणजे अक्षरांनी लिहिलेले असतात. लिपी येत नसली तरी एक गोष्ट बघता येते. कडेच्या मोजपट्टीवर दर पाच अंशांना खूण असते. पाच, पंधरा, पंचवीस, पस्तीस या घरांच्या शेवटी पाचासाठीचं तेच अक्षर येतं. म्हणजे एक घर सोडून एक तेच वळण दिसलं पाहिजे. वखारभागातल्या तबकडीवर सलग पाच घरांत एकच शब्द होता, पुढच्या चार घरांत दुसरा. अक्षरं नक्षी म्हणून वापरलेली होती. आतल्या तळाशी गावांची यादी कोरलेली असेल तर तीही बघा. तिथे भारतातल्या गावांचे रेखांश शंभराच्या वर दिसले तर दचकू नका. ते ग्रीनिचपासून मोजलेले नाहीत, अटलांटिकमधल्या पश्चिमेकडच्या बेटांपासून मोजलेले आहेत. लाहोर तिथे १०९ अंशांच्या आसपास येतं. उलट लाहोरसमोर आजचा ७४ हा आकडा असेल, तर जुनी म्हणवणारी ती यादी आजच्या नकाशावरून उतरवली आहे.

गणित बसलं तर?

गणित बसलं नाही तर वस्तू शोभेची, हे नक्की. बसलं तर ती जुनीच आहे असं मात्र म्हणता येत नाही. एखाद्या संग्रहालयातल्या यंत्राचा साचा घेऊन केलेल्या नकलेतही प्रमाणं जवळजवळ बरोबर उतरतात. आता भिंग काढायचं.

रेघेच्या तळाशी बघा. कोरणीने काढलेली रेघ खाली निमुळती होते, तिच्या टोकाला कोरणी उचलल्याची बारीक शेपटी असते आणि खोली जागोजागी कमीजास्त असते. साच्यात ओतलेल्या रेघेच्या कडा गोलसर, मऊ असतात आणि अक्षरांच्या पोटात पितळेचे बारीक दाणे दिसतात. तेजाबाने खाल्लेल्या रेघेचा तळ सपाट असतो आणि खोली सगळीकडे सारखी. जुन्या कारागिराने वर्तुळ काढताना टेकवलेल्या कर्कटकाची बारीक खळी मध्याबाहेरही सापडते, कारण उंचीच्या वर्तुळांचे मध्य वेगळे असतात. ती खळी मिळाली की मला बरं वाटतं. नकलेत ती सहसा नसते.

मग झीज बघा, कारण खरं यंत्र वापराने ठरावीक जागीच झिजतं: कडीच्या आतल्या बाजूला, खिळीच्या छिद्राभोवती, मागच्या पट्टीखाली गोलाकार ओरखड्यांत, जाळीच्या बोटांनी धरायच्या जागी. तेजाबी काळेपणा मात्र सगळीकडे सारखा असतो, अगदी छिद्राच्या आतही. वाड्यातून आलेली वस्तू हाती पडली की घरातलं कुणीतरी चिंच-मीठ किंवा पावडर घेऊन बसतं. त्यांना थांबवा. जुना थर घासून गेला की ओरखडे, सोन्याचांदीचा मुलामा, मेणाचे अंश, सगळेच पुरावे जातात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, बस्स.

पृथ्वीगोलाचं काम लवकर होतं

कागदी पृथ्वीगोल तपासायला गणित लागत नाही. गोलावर कागद सपाट बसत नाही म्हणून नकाशा होडीच्या आकाराच्या, बहुधा बारा, पट्ट्यांत छापून चिकटवतात. त्यांचे जोड ध्रुवापासून ध्रुवापर्यंत शोधा. भिंगाखाली रंग बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले तर ती अलीकडची छपाई आहे. जुन्या गोलावर रेघा सलग असतात आणि रंग हाताने किंवा शिळाछापाने सपाट भरलेला असतो.

मग नावं वाचा. पेट्रोग्राड असेल तर गोल १९१४ ते १९२४ मधला, लेनिनग्राड असेल तर १९२४ नंतरचा. इराणऐवजी पर्शिया असेल तर बहुधा १९३५ आधीचा. पाकिस्तान असेल तर १९४७ नंतरचा, बांगलादेश असेल तर १९७१ नंतरचा. प्रकाशक जुन्या पाट्या काही वर्षं तशाच वापरत, म्हणून एका नावावर विसंबू नका. सगळ्यात नवं नाव कोणतं ते शोधा. गोल त्याहून जुना असू शकत नाही.

तपकिरी रंगाचे, समुद्रात राक्षसी मासे असलेले आणि सतराव्या शतकातलं साल मिरवणारे गोल बैठकीच्या खोल्यांत खूप दिसतात. त्यांच्यावर ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा बघा. युरोपीयांच्या नकाशात तो कॅप्टन कुकच्या १७७० मधल्या सफरीनंतर आला. दक्षिण ध्रुवाजवळ अंटार्क्टिकाचा आजचा आकार असेल तर प्रश्नच मिटला. तो खंड पहिल्यांदा दिसलाच १८२० मध्ये.

सगळ्या कसोट्या पार झाल्या तर

इतकं होऊनही वस्तू टिकली, तर ती स्वच्छ करू नका, दुरुस्त करू नका, विकायचीही घाई करू नका. दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, पुढून, मागून, प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंनी आणि कोरलेल्या मजकुराच्या जवळून फोटो काढा. तुम्ही घेतलेली मापं त्यांच्याबरोबर लिहून ठेवा. भारतातली जुनी खगोलयंत्रं श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांनी एकेक करून नोंदवली आहेत. त्या सूचीत तुमच्या यंत्रावरचं कारागिराचं नाव आणि हिजरी साल शोधता येतं. तेच नाव, तेच साल आणि तीच नक्षी एखाद्या संग्रहालयातल्या यंत्रावर असेल, तर तुमच्या हातातली प्रत त्याची नक्कल असण्याचीच शक्यता जास्त.

कायद्याचंही लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातला कुणी ऑनलाइन चांगली किंमत द्यायला तयार झाला, तर पार्सल बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तू दाखवा. ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्रही तिथूनच मिळतं, आणि शोभेची नक्कल परदेशी पाठवतानाही कस्टममध्ये तो कागद विचारला जाऊ शकतो.